मुंबईतला सर्व्हर, न्यू जर्सीचा ग्राहक

समजा, कोल्हापुरी चपलांचं एक दुकान वेबसाइटवरून परदेशात माल पाठवतं. साइटचा सर्व्हर मुंबईत आहे. कोल्हापुरात बसून पाहिलं तर पान चटकन उघडतं, म्हणून मालक निश्चिंत असतात. न्यू जर्सीतल्या ग्राहकाला मात्र बराच वेळ कोरा पडदा दिसत राहतो. अशा वेळी मोठा सर्व्हर घ्यायचा मोह होतो. पण अडचण ताकदीची नसते, अंतराची असते.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क हे अंतर सरळ रेषेत साधारण १२,५०० किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन किमान १२५ मिलिसेकंद. समुद्राखालच्या केबल वळसे घेत जातात, तेव्हा २०० धरलेले बरे. त्यात पहिल्या भेटीत ब्राउझर एका खेपेत जोडणी करतो, दुसरीत सुरक्षित संवादाची बोलणी करतो आणि तिसरीत पान मागतो. म्हणजे पानाचं पहिलं अक्षर यायलाच ६०० मिलिसेकंद जातात.

यावरचा उपाय कंटेंट डिलिव्हरी नेटवर्क, म्हणजे सीडीएन. एमआयटीतले टॉम लेटन आणि त्यांचा विद्यार्थी डॅनियल लुइन यांनी १९९८ मध्ये याच कामासाठी अकामाय ही कंपनी काढली. जगभरच्या शहरांत सर्व्हर ठेवायचे, साइटच्या प्रती त्यांत साठवायच्या आणि ग्राहकाला जवळच्या सर्व्हरवरून माल द्यायचा. ही साठवण म्हणजे कॅशे. पण सीडीएन विकत घेतलं की काम झालं, असं नाही. काय साठवायचं आणि किती वेळ, हे आपल्या सर्व्हरने प्रत्येक उत्तरासोबत सांगायचं असतं.

ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: हे उत्तर सगळ्यांसाठी सारखंच आहे का? चपलेचा फोटो सारखाच असतो. तो वर्षभर साठवा, फक्त फोटो बदलला की फाइलचं नावही बदला, नाहीतर जुनाच दिसत राहील.

```
Cache-Control: public, max-age=31536000, immutable
```

खरी गोम मुख्य पानाच्या एचटीएमएलमध्ये आहे. क्लाउडफ्लेअरसारखी सेवा मूळ सेटिंगमध्ये फोटो आणि स्टाइलच्या फाइली साठवते, एचटीएमएल नाही. त्यामुळे फोटो न्यूयॉर्कहून येतात, पण ते मागायला लावणारं पान मात्र मुंबईहूनच यावं लागतं. ते साठवण्याचा नियम वेगळा लिहावा लागतो. इथे ब्राउझरला काहीच मुदत न देता सीडीएनला १० मिनिटं द्यावीत:

```
Cache-Control: public, max-age=0, s-maxage=600
```

एवढं करूनही पान साठत नसेल, तर कुकी तपासा. दुकानाची अनेक सॉफ्टवेअर नुसतं डोकावणाऱ्यालाही `Set-Cookie` पाठवतात, आणि असं उत्तर कुणा एकाचं असू शकतं म्हणून सीडीएन सहसा ते साठवत नाही. कुकी टोपलीत वस्तू टाकल्यावरच द्यावी. कुकीकडे दुर्लक्ष करून साठवा असा नियम लिहिणं धोक्याचं आहे. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या गेमच्या दुकानात कॅशेची मांडणी चुकली आणि सुमारे ३४,००० लोकांची खासगी पानं भलत्यांनाच दिसू शकली. म्हणून टोपली, खातं आणि पैसे भरण्याची पानं कधीच साठवू नयेत:

```
Cache-Control: private, no-store
```

ही पानंही सीडीएनमार्गे गेल्याने थोडी लवकर येतात. पहिल्या दोन खेपा जवळच्या सर्व्हरशीच होतात, आणि मुंबईशी त्याची जोडणी बहुधा आधीच उघडी असते.

किमतीकडेही लक्ष हवं. देश पाहून पौंड किंवा डॉलर दाखवत असाल, तर लंडनसाठी बनलेली प्रत न्यू जर्सीच्या ग्राहकाला जाऊ शकते. पान सगळ्यांना एकच ठेवून किंमत वेगळ्या छोट्या विनंतीने आणणं मला जास्त भरवशाचं वाटतं.

छोट्या दुकानाची आणखी एक अडचण असते. न्यूयॉर्कमध्ये दिवसाला चारच गिऱ्हाइकं आली, तर प्रत्येक वेळी १० मिनिटांची प्रत शिळी झालेली असते आणि प्रत्येकाला मुंबईची वाट पाहावी लागते. अशा साइटने मुदत एक दिवसाची करावी आणि माल किंवा मजकूर बदलला की साठवण स्वतः रिकामी करावी.

सगळं नीट बसलं का, हे मुख्य पानाचे हेडर दोनदा मागवून कळतं:

```
curl -I https://example.com/
```

क्लाउडफ्लेअरवर दुसऱ्या वेळी `cf-cache-status: HIT` दिसायला हवं. `DYNAMIC` आलं तर पान साठवण्याचा नियम लागलेलाच नाही. ही तपासणी परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाकडूनही करून घ्यावी, कारण आपल्याला दिसतो तो आपल्या जवळचाच सर्व्हर. शेवटी दोन फोनवर दोन वेगळ्या खात्यांनी शिरून टोपली उघडावी. एकाची चप्पल दुसऱ्याच्या टोपलीत दिसली, तर नियम तिथल्या तिथे बंद करून साठवण रिकामी करावी.