‘चूक झाली’ आणि ‘मी चूक केली’

मराठीत स्वतःची चूक सांगण्याच्या निदान तीन तऱ्हा आहेत. ‘चूक झाली’, ‘माझ्याकडून चूक झाली’ आणि ‘मी चूक केली’. पहिल्या वाक्यात चूक पावसासारखी आपोआप पडते. दुसऱ्यात मी आहे, पण वाटेतला एक नळ म्हणून. माझ्यातून ती वाहून गेली इतकंच. तिसऱ्या वाक्यात मात्र करणारा मी आहे आणि केलेली गोष्ट माझी आहे. आत्मकथनं वाचताना या तीन वाक्यांकडे लक्ष द्यायला मला कोणी शिकवलं नाही. एका पुस्तिकेतल्या माझ्याच एका वाक्यामुळे मी ते शिकलो. त्या वाक्याचा हिशेब या लेखात मांडायचा आहे.

१९९७ साली स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त आमच्या भागातल्या एका समितीने प्रतिसरकारातल्या हयात कार्यकर्त्यांच्या आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलं. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग १९४९ पर्यंत साताऱ्यातच होता, त्यामुळे १९४३ ते १९४६ च्या त्या चळवळीच्या खुणा कऱ्हाडपासून कुंडल-वाळव्यापर्यंत सगळीकडे आहेत. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. एका पतसंस्थेत कारकुनी करायचो आणि सुट्टीच्या दिवशी जुने कागद, जुनी माणसं शोधत फिरायचो. समितीने प्रवासखर्च दिला आणि मुखपृष्ठावर ‘शब्दांकन’ म्हणून माझं नाव टाकायचं कबूल केलं. ते नाव मला हवं होतं. प्रवासखर्चापेक्षा जास्त हवं होतं.

कऱ्हाडहून पॅसेंजरने किर्लोस्करवाडीला उतरून मी एका गावात गेलो. तिथले एक आबा ऐंशीच्या घरातले होते. निरोप पोचवणं, भाकरी गोळा करणं, रात्री पहारा देणं अशी कामं त्यांनी केली होती. दोन तास बोलले. शेवटी स्वतःहून एक गोष्ट सांगितली. चळवळीच्या काळात इंग्रजांच्या खबऱ्यांना पत्रीची शिक्षा होई, म्हणजे तळव्यांवर मार. बैलाच्या खुरांना ठोकतात त्या पत्रीवरून हे नाव पडलं असं लोक सांगतात; ‘पत्री सरकार’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला. आबांनी शेजारच्या शेतकऱ्याचं नाव खबऱ्या म्हणून कळवलं होतं.

“बांधाचं भांडान हुतं,” ते म्हणाले. “म्हणून म्या त्येचं नाव घातलं. त्यो खबऱ्या न्हवता. मला ठावं हुतं.” मग थांबून म्हणाले, “हे छापा. त्येच्या नातवंडांस्नी लोक अजून खबऱ्याची म्हणत्यात.”

पुस्तिकेत मी लिहिलं: ‘त्या धामधुमीत गैरसमजातून काही निरपराधांनाही शिक्षा सोसावी लागली.’

हे वाक्य व्याकरणाने निर्दोष आहे आणि त्यात आबांचा एकही शब्द नाही. ‘म्या’ गेला, बांध गेला, ‘मला ठावं हुतं’ गेलं. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीचा गैरसमज झाला. एका माणसाचे ‘काही निरपराध’ झाले, त्यामुळे ज्याच्यासाठी आबा बोलले होते तोही हरवला. ‘सोसावी लागली’ या क्रियापदात सोसणारा दिसतो, लावणारा दिसत नाही. कबुली दडपायची तर ती खोडावी लागत नाही. तिच्यातली माणसं काढून घेतली की पुरतं.

आता लिहिणाऱ्यांची गोष्ट. गांधीजींच्या ‘सत्याचे प्रयोग’मध्ये दोन कबुल्या जवळजवळ आहेत. पंधराव्या वर्षी त्यांनी भावाच्या सोन्याच्या कड्यातला तुकडा चोरला, मग चिठ्ठी लिहून वडिलांच्या हातात दिली. आजारी वडिलांनी वाचली, डोळ्यांतून पाणी काढलं आणि चिठ्ठी फाडून टाकली. ही कबुली वाचून आपल्याला तो मुलगा आवडू लागतो. चोरी त्याच्या मोठेपणाची पहिली पायरी ठरते. ती खोटी आहे असं नाही, पण तिच्यात क्षमा करणारा माणूस हजर आहे आणि शेवटचा शब्द त्याच्या अश्रूंचा आहे.

दुसरी कबुली वडिलांच्या मृत्यूच्या रात्रीची आहे. मुलगा रोज त्यांचे पाय चेपत असे. त्या रात्री काकांनी त्याला सोडवलं, तो खोलीत गेला, झोपलेल्या गरोदर बायकोला उठवलं. पाच-सहा मिनिटांत नोकराने दार वाजवलं. वडील गेले होते. इथे चिठ्ठी वाचणारं कोणी उरलेलं नाही, अश्रू गाळून कोणी शुद्ध करत नाही. जन्मलेलं मूलही चार दिवसांत गेलं, तेही ते नोंदवतात. घड्याळाची वेळ, काकांचं येणं, दारावरची थाप असे साधे तपशील आहेत, आणि त्यामुळे वाचकाला त्या मुलाला चटकन जवळ घेता येत नाही. मला ही कबुली पहिलीपेक्षा अवघड वाटते, कारण लिहिणाऱ्याला तिच्यातून काही मिळत नाही.

मराठीत हाच प्रश्न दया पवारांनी रचनेतून सोडवला. १९७८ साली ‘ग्रंथाली’ने काढलेल्या ‘बलुतं’मध्ये सांगणारा दगडू मारुती पवार आहे आणि ऐकणारा दया पवार. दोघे एकच. शिकलेला, कवी म्हणून नाव मिळवलेला दया ऐकत असल्यामुळे दगडूला सारवासारव करता येत नाही; आणि दगडू बोलत असल्यामुळे दयाला ‘मी आता तसा राहिलो नाही’ असं म्हणून निसटता येत नाही. पहिल्या बायकोवर घेतलेला संशय आणि तिला सोडणं या प्रसंगात हे जाणवतं. व्यवस्थेने त्या माणसावर केलेला अन्याय पुस्तकभर आहे, तरी त्याने बायकोवर केलेला अन्याय त्या मोठ्या अन्यायाच्या आड लपवलेला नाही. दोन्ही शेजारी ठेवले आहेत. जातीने सोसलेलं दुःख खरं असताना स्वतःचं वागणंही तितकंच उघडं ठेवणं, यासाठी मला या पुस्तकाकडे पुन्हा पुन्हा जावं लागतं.

तीन वर्षांपूर्वी मी माझी गोष्ट लिहायला बसलो तेव्हा ही पुस्तकं जवळच होती. तरी पहिला खर्डा असा सुरू झाला: ‘तरुण वयात, समितीच्या आग्रहामुळे, माझ्याकडून एक अनवधान घडलं.’ चार दिवसांनी मी पेन्सिल घेऊन प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारली आणि समासात कर्ता लिहिला. समिती, काळ, वय, परिस्थिती. एका पानात ‘मी’ दोनदा आला, तोही ‘मला वाईट वाटलं’ या वाक्यात. त्या वाक्याचा कर्ताही खरं म्हणजे मी नाही. मराठीत वाईट आपल्याला वाटतं, लाज आपल्याला वाटते. ती येऊन बसते, आपण फक्त जागा देतो. शिवाय समितीने आग्रह केलाच नव्हता. तो भाग तिने पाहिलाही नव्हता.

दुसरा खर्डा उलट्या टोकाला गेला. मी स्वतःला भेकड, पापी, विश्वासघातकी म्हणालो. झोप उडाल्याचं अर्धं पान लिहिलं. एका मित्राला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, “अरे, इतकं मनाला लावून घेऊ नकोस.” तेव्हा कळलं की हा खर्डाही खोटा आहे. मी इतकी शिवीगाळ केली की वाचकाला माझी समजूत काढण्यावाचून पर्याय उरला नाही. आबा आणि तो शेतकरी मागे राहिले, आणि मी मधोमध रडत बसलो. या खर्ड्यावर मी एक कसोटी लावली: भावना सांगणारी सगळी वाक्यं झाकायची आणि उरलेल्यातून काय घडलं ते कळतं का पाहायचं. सहा ओळी उरल्या. त्यांत ना बांध होता, ना आबांचं वाक्य, ना कॅसेट.

कॅसेटचं दोन्ही खर्ड्यांत नव्हतंच. तिसऱ्यात मी फक्त क्रमाने लिहिलं, तेव्हा ती आली.

आबांचं बोलणं मी साठ मिनिटांच्या दोन कॅसेटवर घेतलं होतं. बांधाची गोष्ट दुसऱ्या कॅसेटच्या शेवटी होती. पुस्तिका छापून झाल्यावर मी त्या कॅसेटवर दुसऱ्या एका माणसाची मुलाखत घेतली, कारण नवी घ्यायला पैसे जातील. नंतर कोणी विचारलं तर पावसात भिजून खराब झाली असं सांगत आलो. पंचवीस वर्षं सांगत आलो. प्रती द्यायला गावात गेलो तेव्हा आबांनी नातवाकडून ते पान वाचून घेतलं. म्हणाले, “ह्यात मी न्हाय. त्यो बी न्हाय.” मी म्हणालो, “आबा, जागा कमी पडली.” त्या पानाखाली चार बोटं कोरी जागा होती. पुढच्या पावसाळ्यात आबा गेले.

या खर्ड्यात विशेषण जवळजवळ नाही. कोरी चार बोटं जे सांगतात ते ‘भेकड’ हा शब्द सांगू शकला नव्हता. बोलणाऱ्याला वाईट ठरवण्याचं काम वाचकावर सोडलं की त्याला समजूत काढायची घाई राहत नाही. मी ते वाक्य का बदललं हेही आता एका ओळीत मावतं: सत्काराच्या पुस्तिकेत सत्कारमूर्तीच असं बोलले, तर माझं ‘शब्दांकन’ व्यासपीठावर कोणी वाचणार नाही, असं मला वाटलं.

पण खर्डा जमला म्हणून काम झालं नाही. आबांना स्वतःला मोकळं करायचं नव्हतं, त्यांना दुसऱ्याचं नाव धुऊन हवं होतं. पुरावा मी पुसला होता, आणि आता साक्ष देणारा मीच, ज्याने एकदा साक्ष बदलली आहे. त्या शेतकऱ्याच्या घरी मी गेलो. त्यांच्या नातसुनेनं उभ्यानेच ऐकून घेतलं. चहा विचारला नाही. म्हणाली, “तवा लिवायचं हुतं. आता आमची पोरं पुण्याला हायती. त्यांस्नी ह्यातलं ठावं बी न्हाय. नाव घालू नका.”

म्हणून इथे नाव नाही. नाव घातलं तर त्या घराचं ऐकलं नाही असं होतं; नाही घातलं तर आबांचं काम, तेव्हासारखंच, राहून जातं. वरच्या परिच्छेदांत मीही ‘एका गावात’, ‘एका समितीने’ असंच लिहिलं आहे. ‘काही निरपराध’ लिहिणारा हात हाच होता, त्यामुळे ही अनामिकता त्या घरासाठी किती आणि माझ्या सोयीची किती, हे वाचकाने तपासावं. १९९७ ची पुस्तिका गावोगावच्या वाचनालयांत अजून आहे. माझ्याकडच्या प्रतीत त्या पानाखालच्या कोऱ्या जागेत मी आबांची ती वाक्यं, आठवतात तशी, शाईने लिहिली आहेत. ती अठ्ठावीस वर्षं उशिराने लिहिली आहेत, आणि ती एकाच प्रतीत आहेत.