हरवले आहे: पुरण

पहिल्यांदा पुरणपोळी करून झाल्यावर ओट्याची जी दशा होते, तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकायचा, तर खाली ‘पहिलाच प्रयत्न, सांभाळून घ्या’ एवढं लिहून हसू येत नाही. पसारा सगळ्यांना दिसतोच. त्यात नेमकं काय बिनसलं हे ज्या ओळीने हेरलं, तिला लोक हसतात. म्हणून आधी फोटो नीट बघायचा.

समजा, फोटोत कुकरच्या झाकणावर पिवळे ओघळ आहेत, पोळपाटावर कणकेचा लगदा चिकटलाय, ओटाभर पिठी सांडलीय आणि तव्यावर काळे डाग आहेत. ओघळ सोडून द्या. हरभऱ्याच्या डाळीला फेस येतो आणि शिट्टीबरोबर बाहेर उडतो, मुरलेल्या हातांकडूनही. खरी गोष्ट तव्यावर आहे. पुरण पोळीबाहेर आलं, कारण ते सैल होतं.

डाळ शिजली की चाळणीत उपसून तिचा कट पूर्ण निथळू द्यावा लागतो. मग वाटीभर डाळीला साधारण वाटीभर गूळ घातला, की तो विरघळतो आणि घट्ट दिसणारी डाळ पुन्हा पातळ होते. बहुतेक नवखे इथेच चुकतात. डाळ तर मऊ शिजली आहे म्हणून गॅस लवकर बंद करतात. पुरणात उलथनं उभं केलं आणि ते न कलंडता राहिलं, तरच पुरण झालं. त्याआधी काढलेलं पुरण लाटताना कडेला पळतं, पारी फाटते, गूळ तव्याला लागून करपतो. चिकटू नये म्हणून मूठ मूठ पिठी भुरभुरली जाते, म्हणून ओटा पांढरा.

हे कळलं की ओळ आपोआप सुचते. पुरण पळालंय, तर वर्तमानपत्रातल्या निवेदनाचा साचा घ्यावा:

‘हरवले आहे: पुरण. रंग पिवळा, अंगाला जायफळाचा वास. शेवटचे तव्यावर दिसले. पोळी घरी वाट पाहत आहे.’

यात फोटोत दिसणारी गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, आणि हसू पुरणावर आहे, करणाऱ्यावर नाही. हे दुसरं मला फार महत्त्वाचं वाटतं. घरात नव्याने आलेल्या सुनेच्या किंवा पहिल्यांदाच लाटणं हातात घेतलेल्या मुलाच्या फोटोखाली ‘हिला जमलं नाही’, ‘याला कुणी सांगितलं होतं’ असं लिहिलं, की पुढच्या होळीला ते माणूस ओट्यापाशी फिरकत नाही.

फोटोच्या कोपऱ्यात कटाचं पातेलं शाबूत दिसत असेल, तर वरच्या निवेदनाला एक ओळ जोडता येते: ‘शोधून देणाऱ्यास कटाची आमटी.’ कट मोरीत ओतला गेला असेल, तर मात्र ही ओळ गाळावी.