दोन पाकिटांचा पेच

दोन बंद पाकिटांपैकी एकात दुसऱ्याच्या दुप्पट रक्कम आहे. तुम्ही एक उचलता. हवे तर ते न उघडता बदलू शकता. नेहमीचा युक्तिवाद असा: हातात 'क' रुपये असतील, तर दुसऱ्यात २क किंवा क/२, दोन्हींची शक्यता निम्मी. अपेक्षित मूल्य (शक्यतांनुसार काढलेली सरासरी) १.२५क येते, म्हणून बदलणे फायद्याचे. पण बदलल्यावरही हाच हिशेब पुन्हा लागू होतो, म्हणजे कुठेतरी चूक आहे.

कांदा २० वरून ४० रुपयांवर गेला की वाढ १०० टक्के, परत २० वर आला की घट ५० टक्के. फरक मात्र दोन्ही वेळा २० रुपयेच; टक्के वेगळे दिसतात, कारण त्यांचा पाया बदलला. इथेही तसेच होते. दुसऱ्यात २क असताना 'क' ही लहान रक्कम असते, क/२ असताना मोठी. एकाच अक्षराने दोन वेगळ्या रकमा दाखवून त्यांची सरासरी काढली जाते.

पाकिटांत १०० आणि २०० रुपये आहेत असे धरा. बदलल्याने १०० मिळतील किंवा १०० जातील. दोन्ही पाकिटांचे अपेक्षित मूल्य १५०च राहते.

पाकीट उघडून १०१ रुपये दिसले आणि रकमा पूर्ण रुपयांतच आहेत हे माहीत असेल, तर मात्र बदलावे. १०१ ही विषम संख्या कशाची दुप्पट असू शकत नाही.