सरासरी उत्तम, तरी अहवाल उशिरा

तातडीच्या विभागातून पोटॅशियमच्या तपासणीसाठी रक्ताची नळी प्रयोगशाळेत येते. बारकोड स्कॅन झाला की संगणकात 'नमुना मिळाला' ही वेळ उमटते. निकाल तपासून डॉक्टरांना दिसेल असा सोडला, की दुसरी वेळ उमटते. या दोन वेळांमधलं अंतर म्हणजे टर्नअराउंड टाइम, लॅबमधल्या बोलीत 'टॅट'. आयएसओ १५१८९ या मानकानुसार प्रत्येक लॅबने आपला टॅट ठरवून तो पाळला जातो का, हे पाहायचं असतं.

लक्ष्य बहुधा असं असतं: तातडीचे ९० टक्के निकाल ६० मिनिटांच्या आत. इथे सरासरी का चालत नाही?

समजा, एका दिवशी वीस नमुने आले. सतरांचे निकाल ३८ ते ५२ मिनिटांत, सरासरी ४४ मिनिटांत लागले. उरलेल्या तिघांना ९५, ११० आणि १४० मिनिटं लागली. वीसही नमुन्यांची सरासरी जेमतेम ५५ मिनिटं येते, आणि मासिक बैठकीत सगळे खूश! पण वेळेत झाले ते सतराच, म्हणजे ८५ टक्के. वेळा चढत्या क्रमाने लावल्या तर अठरावा आकडा, म्हणजे नव्वदावा पर्सेंटाइल, ९५ मिनिटांचा निघतो. लक्ष्य हुकलं ते इथे कळतं.

मग त्या तीन नमुन्यांच्या मागे लागायचं. ते दुपारी दोनच्या सुमारास आले असतील, तर पाळी बदलताना नळ्या सेंट्रिफ्यूजपाशी पडून राहिल्या का, हे विचारता येतं. निकाल यंत्रातून वेळेत बाहेर पडला आणि सहीसाठी अडकला, असंही होतं. यंत्राची वेळ वेगळी नोंदलेली असेल तर तेही दिसतं.

आकडे चांगले दिसले, तरी डोळे मिटून विश्वास ठेवू नये. गर्दीच्या वेळी नळ्या ट्रेमध्ये साठवून नंतर एकदम स्कॅन केल्या, तर घड्याळ उशिरा सुरू होतं आणि टॅट फुकट सुधारतो. एकाच मिनिटाला दहा-पंधरा नमुन्यांची नोंद दिसली, की ही शंका घ्यावी. त्याहून लबाड प्रकार फुटलेल्या रक्तपेशींचा. पेशी फुटल्या की त्यांतलं पोटॅशियम बाहेर येतं, निकाल खोटा वाढतो, म्हणून नमुना नाकारतात आणि रक्त पुन्हा घेतात. नव्या नळीचा टॅट ४२ मिनिटं; जुनीचा निकालच नाही, म्हणून ती हिशेबातून गळते. रुग्ण मात्र दीड तास थांबलेला असतो. त्यामुळे नाकारलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या नमुन्यांची संख्या अहवालात वेगळी द्यायलाच हवी.

रक्त काढल्यापासून ते लॅबच्या खिडकीपर्यंतचा वेळ या हिशेबात मुळीच येत नाही. पुष्कळ लॅबच्या छापील अहवालावर मात्र नमुना घेतल्याची, मिळाल्याची आणि निकाल दिल्याची अशा तिन्ही वेळा असतात. पुढच्या वेळी अहवाल हातात आला, की पहिल्या दोन वेळांमधलं अंतरही पाहा.