‘चिंता’ शब्दाचा समुद्रप्रवास

जकार्त्यांतील तरुण ‘आकु चिंता कामु’ म्हणतो, तेव्हां मराठी माणसास वाटावें कीं, ह्याला कसली तरी काळजी लागली आहे. वस्तुतः तो ‘माझें तुझ्यावर प्रेम आहे’ असें सांगत असतो. कारण इंडोनेशियन भाषेंत ‘चिंता’ म्हणजे प्रेम.

संस्कृत ‘चिन्त्’ धातूचा अर्थ विचार करणें. एकच गोष्ट मनांत सतत घोळूं लागली कीं, तिची काळजी होते. मराठीनें ‘चिंता’ शब्दांत ही काळजी धरली. मूळचा विचार ‘चिंतन’ शब्दांत राहिला. इंडोनेशियनमध्यें मनांत घोळणारें तें प्रिय माणूस ठरलें. तरी तेथील शब्दकोश ‘चिंता’चा काळजी हा अर्थही, आतां जुना झालेला म्हणून, नोंदवितो. म्हणजे मराठी अर्थ तेथें अगदींच परका नव्हे.

थाई भाषेंत हाच शब्द ‘चिंदा’ असा उच्चारला जातो. त्याचा अर्थ विचार, आणि रत्नही. हा दुसरा अर्थ ‘चिंतामणि’चा वारसा होय. ‘चिंतनाकान’ म्हणजे तेथें कल्पनाशक्ति.

सारांश, ध्वनीवरून शब्दाचें कुळ कळतें. अर्थ मात्र त्या त्या भाषेच्या वाक्यांतूनच शोधावा लागतो.