तंतू फुगतो की भरतो?

जिममध्ये एक समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कमी वजन घेऊन दहा-बारा वेळा उचललं, सेटवर सेट मारले की 'फुगीर' शरीर तयार होतं; जड वजन चार-पाच वेळाच उचललं की 'टणक' शरीर मिळतं. पहिल्या वाढीला सार्कोप्लाझमिक आणि दुसरीला मायोफायब्रिलर म्हणतात. व्लादिमिर झात्सिओर्स्की यांच्या शक्ती-प्रशिक्षणावरच्या 1995 सालच्या इंग्रजी पुस्तकात ही विभागणी आली आणि कित्येक प्रशिक्षकांनी ती उचलली. प्रत्यक्ष स्नायूच्या आत डोकावून तिची पडताळणी करण्याचे प्रयत्न मात्र फार थोडे झाले.

आधी आत काय असतं ते पाहू. स्नायूचा एक तंतू म्हणजे एकच लांबलचक पेशी, जाडीला साधारण केसाएवढी किंवा त्याहून बारीक. तिच्यात जवळपास मायक्रोमीटरभर जाडीच्या शेकडो-हजारो काड्या शेजारी शेजारी, लांबीच्या दिशेने रचलेल्या असतात. याच मायोफायब्रिल. अ‍ॅक्टिन आणि मायोसिन ही प्रथिनं त्यांच्यात एकमेकांवर सरकतात आणि स्नायू आकसतो. वजन उचललं जातं ते यांच्या जोरावर. तंतूची सुमारे चार-पंचमांश जागा या काड्यांनीच व्यापलेली असते. उरलेल्या फटींत पेशीरस, म्हणजे सार्कोप्लाझम असतो. पाणी, साखर जाळणारी विकरं, ग्लायकोजेन हे सगळं त्यात आलं.

तंतू जाड झाला, तर तो तीन वाटांनी होऊ शकतो: काड्या जाड होतील, काड्यांची संख्या वाढेल, किंवा काड्यांमधला रस वाढेल. बाहेरून टेप लावून यातलं काहीच कळत नाही. व्यायाम संपताच दंड टरारून येतो तो 'पंप' तर यांत मोजूच नये. त्या वेळी रक्तातलं पाणी स्नायूत उतरलेलं असतं आणि काही तासांत ते परत जातं.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठात मायकेल रॉबर्ट्स यांच्या प्रयोगशाळेने हा प्रश्न थेट अंगावर घेतला. त्यांचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी 21 वर्षांचे, पाचेक वर्षं व्यायाम केलेले तीस तरुण त्यात होते. पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचे दहा-दहा आवर्तनांचे 10 सेट, आणि तिथून चढत चढत सहाव्या आठवड्यात 32 सेट. वजन मात्र मध्यमच. सुरुवातीला, तिसऱ्या आठवड्यात आणि सहाव्या आठवड्याअखेर मांडीच्या बाहेरच्या स्नायूतून सुईने छोटासा तुकडा काढला गेला. ज्यांचे तंतू खरोखर जाड झाले अशा पंधरा जणांचे नमुने पुढे बारकाईने तपासले.

या पंधरांच्या तंतूंचं छेदक्षेत्र सरासरी 23 टक्क्यांनी वाढलं होतं. पण अ‍ॅक्टिन आणि मायोसिन यांचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांनी घटलं होतं. पेशीरसातली चाळीस प्रथिनं वाढलेली दिसली, आणि त्यांत साखर जाळणाऱ्या विकरांचा भरणा होता. ग्लायकोजेनचं प्रमाण होतं तसंच राहिलं. 'ग्लायकोजेन साठतं, ते पाणी ओढतं आणि म्हणून स्नायू फुगतो' हे जिममधलं आवडतं स्पष्टीकरण निदान या प्रयोगात तरी टिकलं नाही. शेवटच्या व्यायामानंतर आठ दिवस विश्रांती घेऊन सात जणांनी आणखी एकदा नमुना दिला. तेव्हाही पेशीरसातली प्रथिनं सुरुवातीपेक्षा 66 टक्क्यांनी जास्त होती.

म्हणजे जिमचं म्हणणं खरं ठरलं? घाई करण्याआधी एक साधा हिशेब मांडून पाहावा. तंतूचं क्षेत्र आधी 100 होतं असं धरू. ते झालं 123. प्रथिनाचं प्रमाण 1 वरून 0.7 वर आलं. 123 गुणिले 0.7 म्हणजे 86. हे आकडे शब्दशः घेतले तर सहा आठवडे घाम गाळून काड्यांचं एकूण प्रथिन 100 वरून 86 वर आलं असं म्हणावं लागेल, आणि ते पटायला कठीण आहे. गोम मोजणीत असण्याची शक्यता मोठी आहे. जाडी मोजतात ती तुकड्याच्या एका भागाच्या काचपट्टीवर, तर प्रथिन मोजतात ते दुसऱ्या भागाचा लगदा करून. त्या लगद्यात तंतूंबाहेरचं पाणी, रक्त, जोडऊतीही येतात. अतिश्रमाने स्नायूला सूज आली असेल, तर प्रमाण आपोआप पातळ दिसतं. काचपट्टीवर अ‍ॅक्टिन रंगवूनही त्यांनी घट पाहिली, त्यामुळे निष्कर्ष अगदीच उडवून लावता येत नाही. पण पंधरा जणही निवडूनच घेतले होते, आणि जड वजनाने व्यायाम करणारा दुसरा गट तुलनेला नव्हता. 'हलकं वजन विरुद्ध जड वजन' या वादाचा निकाल म्हणूनच या प्रयोगातून लागत नाही.

रॉबर्ट्स यांच्या चमूनेच पुढे एक विचार मांडला: रस आधी वाढत असेल आणि काड्या मागाहून ती जागा भरत असतील. घराचा ओटा आधी वाढवावा आणि खोल्या नंतर चढवाव्यात, तसं काहीसं. साखर जाळणारी विकरं वाढण्याचा अर्थही मग लागतो, कारण नवं प्रथिन बांधायला ऊर्जा लागते. पण हा अजून अंदाजच आहे.

काड्यांचं काय होतं, याचं जास्त ठोस उत्तर विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या ट्रॉय हॉर्नबर्गर यांच्या प्रयोगशाळेतून आलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काड्या दिसतात, पण एकेक मोजायला वेळ आणि पैसा अफाट लागतो. या मंडळींनी युक्ती केली. प्रत्येक काडीभोवती कॅल्शियम साठवणाऱ्या पडद्याची जाळी गुंडाळलेली असते. त्या जाळीतलं एक प्रथिन चमकत्या रंगाने रंगवलं, तर काड्यांच्या कडा साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकातही उजळतात. मग संगणकाने प्रतिमा धारदार करायची आणि काड्या आपोआप मोजायच्या. उंदरांच्या आणि व्यायाम केलेल्या माणसांच्या स्नायूंवर ही पद्धत वापरल्यावर 2024 मध्ये त्यांनी लिहिलं की तंतूची जाडी मुख्यतः काड्यांची संख्या वाढल्याने वाढते.

नवी काडी येते कुठून? ब्रिटिश संशोधक जेफ्री गोल्डस्पिंक यांनी 1970 च्या सुमारास सुचवलं होतं की एका मर्यादेपलीकडे जाड झालेली काडी उभी चिरत जाते. काडीत ठरावीक अंतरावर आडव्या चकत्या असतात आणि अ‍ॅक्टिनचे धागे त्यांना तिरपे ओढतात. काडी जितकी जाड, तितकी ही ओढ तिरकी, आणि शेवटी चकती मधोमध फाटते. एकाच्या दोन काड्या होतात आणि त्या परत जाड होऊ लागतात. संख्या कशी वाढते याचं हे एक पटणारं चित्र आहे. व्यायाम करणाऱ्या माणसाच्या तंतूत ही फाट घडताना टप्प्याटप्प्याने दाखवणं मात्र अजून बाकी आहे.

म्हणून सेट आणि आवर्तनांचे आकडे सांगून 'यातून रस वाढेल, त्यातून काड्या' अशी हमी देणाऱ्या प्रशिक्षकाला एवढंच विचारावं, की ते मोजलं कसं. दंडाचा घेर, आरशातला टरारलेपणा किंवा वजनकाटा यांतलं एकही साधन तंतूच्या आत पोचत नाही. पोचते ती बायोप्सीची सुई. आणि तिने काढलेल्या मांडीच्या तुकड्यातही, कुठला भाग लगद्याला गेला आणि कुठला काचपट्टीवर, यावर उत्तर थोडं इकडेतिकडे होतं.