वर्क ऑर्डर कागदावर आणि लेथवर

सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात ईआरपी प्रणाली प्रत्येक कामाची वर्क ऑर्डर काढते. कोणता भाग, किती नग आणि कोणत्या तारखेला, एवढे त्यात ठरलेले असते. काम कसे करायचे हे राउटिंग सांगते. उदाहरणार्थ, पंपाच्या 200 शाफ्टची ऑर्डर घेऊ. त्यांचे राउटिंग असे: बार कापणे, सीएनसी लेथवर टर्निंग, की-वे मिलिंग, ग्राइंडिंग आणि तपासणी. प्रत्येक टप्प्यापुढे मशीन, सेटिंगचा वेळ आणि एका नगाला लागणारा वेळ नोंदलेला असतो.

टर्निंगसाठी सेटिंगला 60 मिनिटे आणि नगामागे 6 मिनिटे धरली, तर 200 नगांना 1,260 मिनिटे, म्हणजे 21 तास लागतात. लेथ दोन पाळ्यांत चालते. सुट्ट्या वजा जाता दिवसाचे 15 तास उरतात. बिघाड आणि खोळंबा धरून त्यातले 80 टक्के, म्हणजे 12 तासच हाती येतात. सोमवार-मंगळवारची क्षमता झाली 24 तास. त्याच दोन दिवसांत दुसऱ्या ऑर्डरचे 10 तासांचे काम असेल, तर भार 31 तासांवर जातो. मालाची गरज काढणारा हिशेब सहसा देय तारखेपासून मागे मोजत येतो. मशीन मोकळे आहे का, हे तो पाहत नाही. जादा 7 तास क्षमतेच्या अहवालात दिसतात आणि निर्णय नियोजकाला घ्यावा लागतो: काम अलीकडे ओढायचे, दुसऱ्या लेथवर टाकायचे, तिसरी पाळी लावायची की जॉबवर्कला बाहेर द्यायचे.

खरी परीक्षा कन्फर्मेशनची, म्हणजे झालेल्या कामाच्या नोंदीची. पहिल्या पाळीत 60 नग चांगले निघाले आणि 4 रिजेक्ट झाले, असे समजू. पाळी सुटतानाच नोंद झाली, तर लेथवरचा उरलेला भार 136 नगांचा, साडेतेरा तासांच्या आसपास दिसतो. मिलिंगवाल्याला 60 नग तयार असल्याचे कळते, आणि ऑर्डरमधून फार तर 196 नग मिळतील हे लगेच लक्षात येते.

हीच नोंद शनिवारी एकदम झाली, तर आठवडाभर संगणक लेथवर 21 तासांचा भार दाखवत राहतो. कच्चा माल नोंदीबरोबर आपोआप वजा होत असेल, तर कापून संपलेले बारही साठ्यात शिल्लक दिसतात आणि नवी खरेदी लांबते. मागच्या तारखांवर साचलेला भार ही या दुखण्याची पहिली खूण.

दुसरी खूण अधिक फसवी असते: प्रत्येक नोंदीत नगामागे नेमकी 6 मिनिटे. प्रत्यक्षात 8 लागत असतील आणि सुपरवायझर ठरलेलाच आकडा भरत असेल, तर राउटिंग कधीच दुरुस्त होत नाही. 200 नगांमागे 400 मिनिटांची तूट पडते, आणि पुढची प्रत्येक ऑर्डर तेवढीच उशिरा निघते. राउटिंगमधला वेळ वर्षातून एकदा तरी घड्याळ लावून तपासावा आणि नोंद पाळीच्या पाळीलाच व्हावी. त्याशिवाय ईआरपीने दिलेल्या तारखेवर ग्राहकाला शब्द देऊ नये.